मदत हवी आहे: डेंग्यूनंतर पूर्ण ड्युटी झेपत नाही, मॅडमकडे हलके काम कसे मागू?

म्हापसेकर_३६
नमस्कार. कांदोळीतल्या एका हॉटेलात मी हाऊसकीपिंगला रूम अटेंडंट आहे. राहतो म्हापशाला. चवथ आटोपली आणि मी तापाने पडलो. चौथ्या दिवशी इस्पितळात दाखल केले, पाच दिवस सलाईन. प्लेटलेट ३८ हजारांपर्यंत खाली गेल्या होत्या. घरी सोडले तेव्हा १ लाख १२ हजार होत्या, दहा दिवसांनी २ लाख ४० हजार. तो रिपोर्ट बघून डॉक्टरांनी ‘कामावर रुजू होण्यास हरकत नाही’ असे लिहून दिले आणि मी रुजू झालो.

आमच्याकडे एका शिफ्टला १४ खोल्या असतात. पहिले दोन दिवस दात-ओठ खाऊन काढले. तिसऱ्या दिवशी सातव्या खोलीत वाकून गादीखाली चादर खोचली, उभा राहिलो आणि डोळ्यांपुढे काळोख आला. गादीची कड धरून तसाच जमिनीवर बसलो. घामाने शर्ट भिजला. पाच मिनिटांनी बरे वाटले, पण उरलेल्या खोल्या दोघी सहकारी मुलींनी वाटून घेतल्या. त्यांच्या १४ अगोदरच होत्या. हे मला फार लागले.

घरी आल्यावर जेवायलासुद्धा उठवत नाही. स्कूटर बंद केली आहे, बसनेच जातो. मॅडम माणूस म्हणून चांगल्या आहेत, आजारपणात त्यांनी स्वतः दोनदा फोन केला. पण त्या म्हणतात, ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, फिट सर्टिफिकेट आहे, मग मी वर काय सांगू?’ सीझन तोंडावर आहे आणि माझे कंत्राट मार्चपर्यंतच आहे. तीन-चार आठवडे कमी खोल्या मागायच्या आहेत. कसे लिहावे? पगार १९ हजार, ईएसआय कापतात.

रानभाजी
प्लेटलेट वाढवायला पपईच्या पानांचा रस सकाळ-संध्याकाळ दोन चमचे घ्या. आमच्या वहिनींना दिला होता. किवी आणि डाळिंब पण चालू ठेवा. लवकर बरे व्हाल.

म्हापसेकर_३६
धन्यवाद ताई, पण माझ्या प्लेटलेट आता ठीक आहेत. अडचण अशक्तपणाची आहे आणि साहेबलोकांना ती रिपोर्टात दिसत नाही.

कायद्याचं_बोला
घाबरू नका. आजारानंतर हलके काम देणे मालकाला बंधनकारक आहे. अर्धा दिवस काम करा, उरलेल्या अर्ध्या दिवसाचे ७० टक्के ईएसआय देते. अर्जात तसे स्पष्ट लिहा म्हणजे कोणी नाही म्हणणार नाही.

सिस्टर_निवृत्त
मी वेर्ण्याच्या एका कारखान्यात २२ वर्षे फर्स्ट एड रूम सांभाळली. आजारानंतर कामावर परतणारी माणसे रोज बघितली, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी वरचे दुरुस्त करते, कारण अर्जात चूक गेली तर मॅडम पुढचे वाचणारच नाहीत. ईएसआयचा आजारी लाभ ७० टक्के आहे हे बरोबर. पण तो ज्या दिवशी तुम्ही काम करत नाही आणि त्यांचे डॉक्टर काम करायला असमर्थ म्हणून लिहून देतात, त्या दिवसाचा असतो. कामावर गेलात, भले चारच तास, तर त्या दिवसाचे तिथून काही मिळत नाही. आणि साध्या आजारानंतर टप्प्याटप्प्याने कामावर घ्या असा हक्क कायद्यात शोधाल तर सापडणार नाही. ही विनंतीच आहे, ती विनंतीसारखीच करा. इस्पितळातल्या दिवसांचा लाभ घेतला नसेल तर मात्र सगळे कागद घेऊन ईएसआय दवाखान्यात जाऊन या.

आता मुख्य गोष्ट. प्लेटलेट वर आल्या म्हणजे रक्तस्रावाचा धोका टळला. अंगात ताकद आली असे त्यातून कळत नाही. डेंग्यूनंतरचा थकवा काही आठवडे राहतो, काहींना दोन-तीन महिनेही. तुमच्या मॅडम प्लेटलेटच्या आकड्याकडे बघत आहेत, म्हणून त्यांना दुसरा आकडा दाखवा. पाच मिनिटे आडवे पडून बीपी मोजा, मग उभे राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर काळोख का येतो त्याचे उत्तर तिथेच मिळते. वाकून उभे राहणे हेच तुमचे काम, त्यामुळे तुम्हाला ते एका शिफ्टमध्ये शंभरदा भोवते.

हे मोजमाप घेऊन डॉक्टरांकडे पुन्हा जा. हिमोग्लोबिन आणि नाडी बघायला सांगा. त्यांना फक्त ‘विश्रांती हवी’ असे लिहू देऊ नका. काय जमत नाही ते लिहून मागा: वारंवार वाकणे, गादी उचलणे, सलग उभे राहणे, आणि किती आठवडे. पहिल्या सर्टिफिकेटमुळे अडला आहात, तर नवीन पत्रात त्याची तारीख टाकून ‘त्यानंतर चक्कर आल्याने फेरतपासणी केली’ असे वाक्य यायला हवे.

आणि हे अशक्तपणात मोजू नका: पुन्हा ताप, काळी शौच, धाप, छातीत धडधड. यातले काहीही झाले तर अर्ज बाजूला, तडक इस्पितळ.

पॅकिंग_लाईन
मला चिकनगुनिया झाला होता, सांधे धरले होते. मीही लाईनवरून हलके काम मागितले, तोंडी. दिले लगेच, पण किती दिवस ते कोणीच ठरवले नाही. पाच महिने लेबल मोजत बसलो, ओव्हरटाइम बंद. परत लाईनवर घ्या म्हटले तर ‘तू आजारी माणूस’ म्हणायचे. दादा, संपायची तारीख लिहूनच द्या.

सुपरवायझर_कळंगूट
मी पलीकडच्या बाजूचा, रोस्टर बनवणारा. मॅडमना ‘अशक्तपणा’ ऐकून काही करता येत नाही, त्यांना खोल्यांत सांगा. कुठल्या आठवड्यात किती खोल्या, उरलेल्या वेळात तुम्ही काय करणार. सकाळच्या ब्रीफिंगला सगळ्यांसमोर बोलू नका. पुढच्या आठवड्याचे रोस्टर लागण्याआधी दोन दिवस, दुपारी चेकआऊटची गर्दी ओसरल्यावर भेटा.

आणि एक धोका सांगतो. मॅडम बहुतेक म्हणतील, ‘लिनन रूमला बस.’ ऐकायला हलके आहे, पण ओल्या टॉवेलांची गाठोडी उचलावी लागतात आणि आत उकाडा असतो. लॉबीतही दिवसभर उभेच. त्यापेक्षा हाऊसकीपिंग डेस्कचा फोन, हरवले-सापडलेचे रजिस्टर, ट्रॉलीसाठी साबण-शॅम्पू भरणे, नॅपकिनच्या घड्या, हे मागा. ही कामे रोज कोणाला तरी करावीच लागतात.

म्हापसेकर_३६
सर्वांचे आभार. काल बीपी मोजले. आडवा असताना ११८, उभा राहिल्यावर पहिल्या मिनिटाला ९४. डॉक्टरांनी स्वतः पुन्हा मोजले आणि पत्र दिले. हिमोग्लोबिन १०.८ आले, त्याच्या गोळ्या दिल्या. ईसीजी ठीक आहे. अर्ज असा लिहिला आहे, बघाल का?

> आदरणीय मॅडम,
> डेंग्यूनंतर मी कामावर रुजू झालो, पण तिसऱ्या दिवशी खोलीत चक्कर येऊन खाली बसावे लागले. फेरतपासणीत उभे राहिल्यावर रक्तदाब उतरतो असे आढळले. डॉक्टरांचे पत्र जोडले आहे.
> कृपया मला चार आठवडे असे काम द्यावे: पहिल्या आठवड्यात ६ खोल्या, दुसऱ्यात ९, तिसऱ्यात १२, चौथ्यात १४. या काळात गादी उलटणे आणि डीप क्लीनिंग नको. उरलेल्या वेळेत डेस्कचा फोन, रजिस्टर आणि ट्रॉली भरण्याचे काम मी करीन. चौथ्या आठवड्याच्या शेवटी पूर्ण ड्युटीवर येईन.
> आपला नम्र

सिस्टर_निवृत्त
छान आहे, कुठेही रडगाणे नाही. दोन बदल करा. ‘पूर्ण ड्युटीवर येईन’ असे वचन देऊ नका, शरीर तारीख पाळत नाही. ‘दर शनिवारी आपण दोघे पाच मिनिटे बसून पुढचा टप्पा ठरवू, आणि चौथ्या आठवड्यानंतर डॉक्टर पुन्हा तपासतील’ असे लिहा. पॅकिंगवाल्या दादांनी सांगितलेली संपायची तारीख त्यातही येते. दुसरे, साप्ताहिक सुट्टी आठवड्याच्या मध्ये मागा, म्हणजे सुरुवातीलाच दोन-तीन दिवसांच्या कामानंतर एक विश्रांती मिळेल.

टप्पा वाढवायचा की नाही ते कामाच्या दिवशी ठरवू नका. त्या दिवशी माणूस जोरात असतो, मार बसतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रभर झोपूनही अंग जड आणि उठल्यावर गरगरले, तर ९ वरून १२ वर जाऊ नका. ९ वरच आणखी तीन-चार दिवस राहा. पुन्हा घरी झोपून राहायचीही गरज नसते. कामाला निघण्याआधी मीठ घातलेली पेज पिऊन निघा, तुम्हाला बीपी जास्त असण्याचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास नाही हे गृहीत धरून सांगते. खोलीत वाकलेले असाल तर आधी गुडघ्यावर या, मग उभे राहा.

कायद्याचं_बोला
सिस्टर, अर्ध्या दिवसाचे माझे चुकले, मान्य. पण पगार कापणार असतील तर ते अर्जात यायला नको का? पूर्ण आठ तास हजर आहेत, फक्त खोल्या कमी.

सुपरवायझर_कळंगूट
अर्जात नको, समोर बसून विचारा. आठ तास हजर राहून दुसरे काम करतो म्हटल्यावर कापायचे कारण उरत नाही, पण प्रत्येक हॉटेलात एचआर तसेच म्हणेल याची खात्री मी देणार नाही.

म्हापसेकर_३६
आज दुपारी भेटलो. मॅडमनी पत्र दोनदा वाचले. बीपीचे आकडे बघून म्हणाल्या, ‘हे मला आधी का नाही दाखवलेस?’ लिनन रूमच आधी सुचवली, सुपरवायझरदादा. गाठोड्यांचे सांगितल्यावर डेस्क दिला. पहिल्या दोन आठवड्यांचे ६ आणि ९ मान्य, बुधवारची सुट्टीही मिळाली. तिसऱ्या आठवड्यात दिवाळीचे बुकिंग भरलेले आहे, तेव्हाचे आत्ता सांगता येत नाही म्हणाल्या, शनिवारी बघू. पगाराचे एचआरला विचारून सांगणार आहेत.

माझ्या ८ खोल्या आता बाकीच्यांत वाटल्या जातील हे मॅडमनी त्या दोघी मुलींना माझ्यासमोरच सांगितले. त्यातली एक मला म्हणाली, ‘दादा, चादर खोचायला हाक मार, तू उशा बघ.’ सोमवारपासून सुरू करतो. ईएसआय दवाखान्यात कुठले कागद लागले ते जाऊन आल्यावर इथेच लिहीन.