थकबाकी कधीपासून म्हणायची? एजिंग रिपोर्टच्या रकान्यांची नावं

काजूबी, वेंगुर्ले

काजूगराच्या कारखान्याचे हिशेब टॅलीत आहेत. महिनाअखेरीस गिऱ्हाइकांकडच्या येण्यांचा एजिंग रिपोर्ट काढून त्यावरून मालकांसाठी मराठीत तक्ता करायचा असतो. रकान्यांना मी 'थकबाकी ०–३० दिवस', 'थकबाकी ३१–६० दिवस' अशी नावं दिली. मालकांनी त्यावर बोट ठेवलं: ४५ दिवसांच्या मुदतीवर दिलेला माल ३४व्या दिवशी थकबाकीत कसा गेला? त्यांचं म्हणणं पटतं, पण दुसरा शब्द सुचत नाही. अख्ख्या तक्त्याला काय म्हणावं हेही सांगा. 'वयवारी' कसं वाटतं?

ग्रामसेवक (निवृत्त), गुहागर

मालक बरोबर आहेत. घरपट्टीच्या मागणीत 'मागील थकबाकी' आणि 'चालू मागणी' असे दोन वेगळे रकाने असतात. भरायची वेळ उलटली की थकबाकी, तोवर चालू. तुम्हीही तसंच करा. दिवस मुदत संपल्यापासूनच मोजायचे. बिलाच्या तारखेपासून मोजणं ही सरळ चूक आहे.

खतावणी, रत्नागिरी

ग्रामसेवकसाहेब, थकबाकी या शब्दाचा अर्थ तुम्ही सांगितलात तोच. मात्र बिलाच्या तारखेपासून मोजणं चूक नाही, तो वेगळ्या प्रश्नाचा तक्ता आहे. टॅलीत येण्यांच्या रिपोर्टवर `F6` दाबलं की `Ageing by Bill Date` आणि `Ageing by Due Date` असे दोन्ही पर्याय येतात. काजूबींनी बहुधा पहिला निवडला आणि रकान्यांना दुसऱ्याची नावं दिली. घोळ तिथे झाला.

एक उदाहरण घेऊ. कोल्हापूरचं एक गिऱ्हाईक, मुदत ४५ दिवस, तक्ता ३१ मार्च २०२५चा.

बिल ११२, १० डिसेंबरचं, ८०,००० रुपये. बिलाला १११ दिवस झाले. मुदत २४ जानेवारीला संपली, म्हणजे थकून ६६ दिवस.
बिल १३१, २० जानेवारीचं, ६०,००० रुपये. बिलाला ७० दिवस, मुदत ६ मार्चला संपली, थकून २५ दिवस.
बिल १४७, २५ फेब्रुवारीचं, ५०,००० रुपये. बिलाला ३४ दिवस, मुदत ११ एप्रिलपर्यंत. हे थकलेलंच नाही.

येणं दोन्हीकडे १,९०,००० रुपयेच. बिलाच्या तारखेने मांडलं तर ३१–६० मध्ये ५०,०००, ६१–९० मध्ये ६०,००० आणि ९०च्या पुढे ८०,०००. मुदतीने मांडलं तर मुदतीत ५०,०००, १–३० मध्ये ६०,०००, ३१–६० रिकामा आणि ६१–९० मध्ये ८०,०००.

वसुलीचा फोन कोणाला करायचा हे दुसऱ्या तक्त्यावरून ठरतं. मुदत बाकी असलेल्या गिऱ्हाइकाला तगादा लावला तर चांगलं गिऱ्हाईक दुखावतं. पहिला तक्ता लागतो बँकेला. कॅश क्रेडिट असेल तर मंजुरीपत्र काढून बघा. बहुधा ९० दिवसांपुढची येणी उचल मर्यादेत धरत नाहीत आणि हे दिवस सहसा बिलाच्या तारखेपासून मोजतात. वरच्या उदाहरणात ११२ नंबरचं बिल बँकेच्या हिशेबातून बाहेर, मुदतीच्या तक्त्यात मात्र ते अजून ६१–९० मध्येच. शिवाय जीएसटीत खरेदीदाराने १८० दिवसांत पैसे चुकते केले नाहीत तर त्याला घेतलेली वजावट व्याजासह परत करावी लागते, तेही दिवस बिलाच्या तारखेपासूनच.

म्हणून रकान्यांची नावं अशी सुचवतो. बिलाच्या तारखेच्या तक्त्यात नुसतं 'येणे', म्हणजे 'येणे, बिलापासून ३१–६० दिवस'. मुदतीच्या तक्त्यात पहिला रकाना 'मुदतीतील येणे' आणि त्यापुढचे सगळे 'थकबाकी'. कुठल्या तारखेपासून मोजलं ते तक्त्याच्या डोक्यावर लिहाच. ते नसेल तर वाचणारा आपल्या सोयीचा अर्थ लावतो.

बर्फवालो, देवगड

आमचो बर्फाचो कारखानो. मे म्हयन्यात होडयेवाल्यांका बर्फ दिलो, बिलां फाडली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पैसे येतत ते नारळी पुनव झाल्यावर. बिलार मुदत लिवलेली नाय. मग हे थकबाकी की येणे? आणि बर्फासाठी मी वीज मंडळाक जा भरतंय ता ह्या तक्त्यात खंय लिवचा?

खतावणी, रत्नागिरी

विजेचं बिल तुमचं देणं, त्याचा तक्ता वेगळा. इथे फक्त लोकांकडून यायचे पैसे.

पहिला प्रश्न महत्त्वाचा आहे. 'नारळी पौर्णिमेनंतर' ही दर्यावरची रीत झाली. टॅलीला ती कळत नाही. खात्यात `Default credit period` रिकामा असेल तर टॅली बिलाची तारीख हीच मुदतीची तारीख धरते, म्हणून तुमच्याकडे दोन्ही तक्ते सारखेच निघतील आणि मेचं प्रत्येक बिल जुलैअखेर साठ-नव्वद दिवस थकलेलं दिसेल. खरोखर ऑगस्टचा वायदा असेल तर तो बिलावरच छापा आणि मेच्या बिलांना तेवढे दिवस टाका. बारमाही मुदत ९० दिवसांची करून ठेवू नका. तसं केलंत तर ऑक्टोबरचं थकलेलं बिल जानेवारीपर्यंत 'मुदतीतील' दिसत राहील.

काजूबी, वेंगुर्ले

नावांचं पटलं. आता एक अडचण. तुमच्या उदाहरणातल्यासारखीच बिलं असलेल्या कोल्हापूरच्याच एका गिऱ्हाइकाचे १५ मार्चला बँकेत ६०,००० जमा झाले. कुठल्या बिलाचे ते कळवलं नाही, म्हणून `On Account` टाकले. आता तक्त्यात सगळी बिलं पूर्ण दिसतात आणि खाली ६०,००० वेगळे वजा दिसतात. सर्वांत जुन्या बिलात वळते करू का?

माडाची सावली, अलिबाग

जुन्यात आधी वळते करायचे, हाच नियम. त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

खतावणी, रत्नागिरी

माडाची सावली, तो नियम तिसऱ्या पायरीवर येतो. करार कायदा, १८७२, याच्या कलम ५९, ६० आणि ६१ मध्ये क्रम दिला आहे. गिऱ्हाइकाने सांगितलं, किंवा परिस्थितीवरून उघड दिसत असलं, तर पैसे त्याच बिलाचे. तसं काहीच नसेल तर येणेकऱ्याने, म्हणजे आपण, ठरवायचं. दोघांनीही ठरवलं नाही तर जुन्यापासून.

आकडा नीट बघा. ६०,००० म्हणजे बिल १३१ची रक्कम, रुपयाला रुपया. जुनं ११२ ओलांडून पुढचं बिल तंतोतंत भरलं, याचा अर्थ बहुधा ११२ त्याने मुद्दाम अडवलं आहे. काजूगरात हे प्रतवारीवरून होतं: बिलावर डब्ल्यू २४०, मालात डब्ल्यू ३२० निघाला किंवा तुकडा जास्त आला, की गिऱ्हाईक तेवढं एक बिल बाजूला ठेवतं आणि फोनवर काही बोलत नाही.

आता वळतं करण्याने काय फरक पडतो ते बघा. जुन्यात टाकलेत तर ११२चे २०,०००, १३१चे ६०,००० आणि १४७चे ५०,००० उरतात. बँकेच्या ९० दिवसांत १,१०,००० बसतात आणि तक्ता छान दिसतो. १३१ला लावलेत तर ११२चे पूर्ण ८०,००० आणि १४७चे ५०,०००. बँकेत फक्त ५०,००० बसतात. एकूण येणं दोन्ही वेळा १,३०,०००च. पहिल्या पद्धतीत तंटा झाकला जातो, वर बँकेला ६०,००० जास्त दाखवले जातात.

तेव्हा आधी गिऱ्हाइकाला एक ओळ लिहून विचारा. उत्तर आलं की त्या बिलाला `Agst Ref` लावा. ११२ अडवलेलं निघालं तर त्याला 'वादातील येणे' असा वेगळा रकाना द्या. ते थकबाकीत मिसळलं की वसुलीचा माणूस चुकीच्या गोष्टीसाठी फोन करत राहतो. तिथे माल तपासणं किंवा क्रेडिट नोट देणं हा उपाय. कंपन्यांच्या ताळेबंदातही १ एप्रिल २०२१पासून वादातली आणि बिनवादाची येणी वेगळी दाखवावी लागतात.

माडाची सावली, अलिबाग

कलमांचं मान्य. पण ३ वर्षं उलटली की पैसे बुडाले हे लक्षात ठेवा, बिलाच्या तारखेपासून ३ वर्षं.

खतावणी, रत्नागिरी

मुदत ठरलेली असेल तर मुदत संपल्यापासून ३ वर्षं. मुदत ठरलेली नसेल तर माल पोचवल्याच्या तारखेपासून. ३ वर्षांच्या आत गिऱ्हाइकाने सही करून बाकी कबूल केली, तर त्या तारखेपासून पुन्हा ३ वर्षं मिळतात. म्हणून दर मार्चअखेरीस बाकीचं पत्र सहीनिशी परत मागवावं. पुन्हा तेच, मोजणी कुठून हे तक्त्यावर लिहिलेलं हवं.

काजूबी, वेंगुर्ले

मालकांना एक्सेलच लागतं. दोन्ही आकडे एका ओळीत कसे आणायचे? मी `TODAY()` वापरलं होतं.

खतावणी, रत्नागिरी

`TODAY()` नको. ३१ मार्चचा तक्ता ७ एप्रिलला उघडला की आठवड्याने पुढे सरकलेला दिसतो आणि बँकेला दिलेल्या प्रतीशी जुळत नाही. तक्त्याची तारीख `F1` मध्ये हाताने लिहा. `A` मध्ये बिलाची तारीख, `B` मध्ये मुदतीचे दिवस ठेवा.

```
=$F$1-A2
=$F$1-A2-B2
```

पहिलं बिलापासूनचे दिवस, दुसरं थकल्याचे. दुसऱ्यात शून्य किंवा उणे आकडा आला की ते 'मुदतीतील'. तारखा एक्सेलला तारीख म्हणून न ओळखता येणारा मजकूर झाल्या असतील तर `#VALUE!` येतं. दिवस आणि महिना उलटले असतील तर काहीच येत नाही, नुसताच चुकीचा आकडा. ५ फेब्रुवारीचं २ मे झालं की बिलाचं वय उणे दिसेल, त्यावरून ओळखा.

ग्रामसेवक (निवृत्त), गुहागर

बिलाच्या तारखेचा उपयोग मला माहीत नव्हता, तो समजला. पण 'वयवारी' मला रुचत नाही. वय माणसाचं, गुरांचं. 'मुदतवार येणी' म्हणा.

खतावणी, रत्नागिरी

'मुदतवार' चांगला आहे, पण तो दुसऱ्याच तक्त्याला शोभतो. बिलाच्या तारखेच्या तक्त्यात मुदतीचा संबंधच नाही. त्याला मी 'दिवसवार येणी' म्हणेन.

बर्फवालो, देवगड

आमच्याकडे दोघांकाय 'उधारीचो कागद' म्हणतत.

काजूबी, वेंगुर्ले

सध्या 'दिवसवार' आणि 'मुदतवार' अशी दोन पानं करते. कोल्हापूरला ईमेल पाठवला आहे. वादातल्या बिलाला मुदतवार पानात 'थकबाकी'च्या आधी जागा द्यावी की शेवटी, हे मालकांना विचारून ठरवते.