मदत हवी आहे: यंत्राने केलेल्या व्हिडिओ-सारांशातल्या वेळा जुळत नाहीत

धागाकर्ती
1 तास 20 मिनिटांची मुलाखत आहे. सारांशात 14 मुद्दे, प्रत्येकापुढे वेळ, आणि चार वाक्यं अवतरणचिन्हांत. तीन वेळा तपासल्या, तिन्ही चुकल्या: 06:10 चं वाक्य 06:55 ला ऐकू येतं, 31:40 चं 32:25 ला, 1:12:05 चं 1:12:50 ला. सारांश टाकून द्यावा का? सगळं परत ऐकायला वेळ नाही.

खडूफळा
नका टाकू. फरक तिन्हीकडे 45 सेकंदांचाच आहे. म्हणजे सारांश बहुधा दुसऱ्या प्रतीवरून झालाय, जिच्यात सुरुवातीची 45 सेकंदं नव्हती. सगळीकडे 45 मिळवा. यूट्यूबवर असेल तर दुव्याला `&t=1945s` जोडलं की थेट 32:25 ला पोचाल. फरक पुढेपुढे वाढत गेला असता किंवा कसाही बदलला असता, तर मात्र एकाही वेळेवर विसंबू नका म्हटलं असतं.

रिकामटेकडा
एवढं कशाला? सबटायटल्सचा मजकूर उघडा, अवतरण शोधा. सापडलं की बरोबर.

खडूफळा
अर्धंच बरोबर. सापडलं नाही तर वाक्य जोडून-तोडून बनवलंय हे लगेच कळतं. पण सापडलं म्हणजे वक्ता तसं बोललाच, असं नाही. सबटायटल्सही यंत्रानेच ऐकून लिहिलेली असतील आणि सारांश त्यांवरूनच केलेला असेल, तर ‘एकोणसाठ’चं ‘एकोणसत्तर’ दोन्हीकडे सारखंच सापडेल. आकडे आणि नावं कानानेच तपासायची.

मराठीत आणखी एक गोची आहे. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘हा प्रयोग फसला’ इथे ओळ तुटते आणि ‘असं मी म्हणणार नाही’ पुढच्या ओळीत जातं. सारांशात उरतं ‘प्रयोग फसला’. म्हणून नेमक्या वेळेला सुरू करू नका. 20-30 सेकंद आधीपासून ऐका आणि वाक्य पुरतं संपू द्या. आधीपासून ऐकल्याने वाक्य कोणाचं तेही कळतं. मुलाखतकाराने विचारलेलं ‘म्हणजे हे घातकच ना?’ पाहुण्याच्या नावावर चढलेलं असू शकतं.

सायली_७
माझ्याकडे व्याख्यान आहे, सबटायटल्सच नाहीत. कोणतं सॉफ्टवेअर चांगला सारांश करेल?

रिकामटेकडा
ताई, इथे तपासणीचं चाललंय. वेगळा धागा काढा.

धागाकर्ती
45 मिळवून पाहिलं, अकरा मुद्दे जुळले. चारपैकी एक अवतरण खरंच मुलाखतकाराचं निघालं! उरलेले तीन मुद्दे सापडत नाहीत.

खडूफळा
त्या तिघांचे ठळक शब्द सबटायटल्समध्ये शोधा, इथे रिकामटेकडा यांची युक्ती कामाची. नाहीच सापडले तर काढून टाका. मग उलट तपासणी: व्हिडिओत कुठेही तीन ठिकाणी दोन-दोन मिनिटं ऐका आणि ते सारांशात आलंय का बघा. गाळलेलं काय ते वेळा तपासून कधीच कळत नाही.

रिकामटेकडा
80 मिनिटांत तीन ठिकाणं? मला कमी वाटतात.

खडूफळा
कमीच आहेत. किती पुरेत याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. मधल्या अर्ध्या तासातून तरी दोन घ्या.