सप्लायरला मुदत वाढवून मागणारा मेल: ‘ऑर्डर वाढतील’ हे आश्वासन आहे की ओझं?

चाकण_असेंब्ली: आमचं व्हॉल्व्ह असेंब्लीचं छोटं युनिट आहे. टर्न केलेले पार्ट भोसरीचा जुना सप्लायर देतो, महिन्याला साधारण 5 लाखांचे, पेमेंट 30 दिवसांनी. आमच्या मोठ्या ग्राहकाने आमचं पेमेंट 90 दिवसांवर नेलंय. म्हणून सप्लायरला हा मेल पाठवायचा म्हणतोय. कसा वाटतो?

“आपले संबंध जुने व विश्वासाचे आहेत. बाजारातील सद्यःस्थिती पाहता पुढील महिन्यापासून आमचे पेमेंट 60 दिवसांनी होईल. येत्या काळात आमच्या ऑर्डर मोठ्या प्रमाणात वाढणार असून त्याचा लाभ आपल्यालाही होईल. सहकार्याची अपेक्षा.”

भोसरी_सीएनसी: असे मेल मला येत असतात आणि प्रत्येक वेळी डोकं उठतं. तुमचा सप्लायर मी नाही, पण त्याच्या जागी रोज बसतो.

महिन्याला 5 लाखांचा माल, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे बिल 5 लाख 90 हजारांचं. आज त्याचे तुमच्याकडे एका महिन्याचे, म्हणजे 5.90 लाख अडकलेले असतात. 60 दिवस केलेत की 11.80 लाख. आता तुमचं ते आश्वासन घ्या. समजा ऑर्डर दीडपट झाल्या, तर 17.70 लाख. म्हणजे ज्या वाक्याने तुम्ही त्याला धीर देताय, त्याच वाक्याने त्याची झोप उडणार. ऑर्डर वाढली तरी कच्च्या मालाचे बार विकणारा त्याला रोखीनेच देतो, फार तर आठवडाभर थांबतो. आणि जीएसटीचे 90 हजार तो पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला भरून मोकळा होतो, तुमचं पेमेंट आलेलं असो वा नसो.

दुसरं, ‘होईल’ काय? ही विनंती आहे की नोटीस? जुनी बिलं 30 ने देणार की तीही 60 ने? हे किती महिने चालणार? मेलमध्ये यातलं काहीच नाही. जुने संबंध तेवढे आहेत.

खरेदी_खातं: सगळे सप्लायर बिचारे आणि खरेदीवाले राक्षस, हे ऐकून कंटाळा आला. मी पंचवीस वर्षं खरेदीत आहे. 60 दिवसांचं व्याज दरात आधीच घालून बसलेले आणि वर 30 दिवसांत पैसे मागणारे कितीतरी पाहिले. पार्ट वेळेवर येत नाहीत, लाइन थांबते, तेव्हा कुणी मेल लिहून दिलगिरी व्यक्त करत नाही. वरचा 90 दिवस लावतो, मधल्याने काय घर विकायचं? उधारी साखळीतून खाली सरकते. मेल ठीक आहे, पाठवा. फार तर आधी एक फोन करा.

भोसरी_सीएनसी: दरात व्याज घालतात म्हणता ना, मग उघड घालू द्या की. बँकेच्या सीसीचा, म्हणजे कॅश क्रेडिटचा, व्याजदर वर्षाला 12 टक्के धरला, तर 5.90 लाख आणखी एक महिना अडकले की 5,900 रुपये जातात, 5 लाखांवर सव्वा टक्क्याच्या आसपास. तेवढा दर वाढवून देतो असं एका तरी मेलमध्ये लिहिलंत का कधी? आणि खरी अडचण व्याजाची नाहीच. सीसीची लिमिट संपते. सहसा 90 दिवसांवरची येणी बँक ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे सीसीतून किती काढता येतील त्या हिशोबात, धरत नाही. तुमचे 60 उशीर होत होत 95 वर गेले, की तेवढी माझी लिमिट कमी. मग पगाराच्या दिवशी खात्यात पैसे नसतात.

सातारा_होलसेल: सरळ लघुउद्योगांसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर तक्रार टाका. 45 दिवसांच्या वर कुणी पैसे थकवले तर तिथे दाद मागता येते. माझे दुकानदारांकडे चार चार महिने अडकलेत, मीही टाकणार आहे.

खरेदी_खातं: अहो, धागा काढणारा पैसे देणारा आहे. तक्रार काय स्वतःवरच टाकू?

हिशोबनीस: कायद्याचा एवढा बाऊ नको. दोघांनी लेखी करार केला की 60 दिवसही चालतात. करार नसेल तरच 45. आणि 45 ओलांडले की आयकराचं कलम 43बी(एच) लागून तो खर्च कायमचा नामंजूर होतो, म्हणून करार करून घ्या.

नाशिक_सीए: हिशोबनीस, दोन्ही गोष्टी अर्ध्या आहेत. एमएसएमईडी कायदा 2006, कलम 15: लेखी करार असला तरी कमाल 45 दिवस. करार नसेल तर 15. दोघांनी आनंदाने 60 वर सही केली, तरी 45 नंतर बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज लागू होतं आणि ते व्याज खर्च म्हणून वजाही मिळत नाही.

43बी(एच) आर्थिक वर्ष 2023-24 पासून लागू झालं. खर्च कायमचा जात नाही, ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. दणका बसतो तो 31 मार्चला. समजा 5 फेब्रुवारीला 5 लाखांचा माल आला. 45 दिवस 22 मार्चला संपले. तुम्ही 60 च्या हिशोबाने एप्रिलमध्ये पैसे दिलेत, तर ते 5 लाख यंदाच्या नफ्यात मिळवले जातील. भागीदारी फर्म असेल तर सेससह 31.2 टक्के, म्हणजे 1 लाख 56 हजारांचा कर यंदा. पुढच्या वर्षी वजावट मिळेल, पण रोकड आत्ताच नसताना ती बाहेर गेली. मुदत वाढवून जे वाचवायला निघालात, त्याच्या कितीतरी पट. रिटर्न भरेपर्यंत सवलत 43बीच्या इतर बाबींना आहे, हिला नाही.

हे सगळं लागू होतं ते सप्लायर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम या सरकारी नोंदणीवर असेल, आणि उत्पादक किंवा सेवा देणारा असेल तर. निव्वळ व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही, त्यामुळे सातारकर, तुमची तक्रार तिथे टिकणं कठीण. चाकणवाल्यांनी आधी सप्लायरचं उद्यम प्रमाणपत्र मागवावं.

कोल्हापूर_फाउंड्री: सीए मॅडम, 45 दिवस म्हणता, पण कधीपासून? ते कुणी बोलतच नाही. माल माझ्या एका ग्राहकाच्या गेटवर उतरला ती तारीख माझ्याकडे चलानवर शिक्क्यासकट आहे. जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची त्यांची नोंद, पडतो बावीस दिवसांनी, का तर स्टोअरचा माणूस रजेवर, नाहीतर क्यूसी पेंडिंग. त्यांचं सॉफ्टवेअर जीआरएनपासून मोजतं. वर पेमेंट रन महिन्यातून दोनदाच. 45 चे 80 होतात आणि कागदावर सगळं वेळेत. याच ग्राहकाच्या खरेदीवाल्याने मला उद्यम नोंदणी रद्द करून या म्हणून सांगितलं होतं. तोंडी. लेखी द्या म्हटलं तर पुढच्या महिन्याचं शेड्यूल अर्ध्यावर आणलं. पंधरा दिवस भट्टी एकाच पाळीत चालवली.

खरेदी_खातं: उद्यम रद्द करायला लावणं चूकच, त्याचं समर्थन करणार नाही. पण जीआरएन अडतो तो दरवेळी आमच्यामुळे नाही. टेस्ट सर्टिफिकेट मालाबरोबर येत नाही, चलानवर पीओ नंबर चुकीचा, नग कमी. तुम्ही अर्धवट कागद पाठवणार आणि घड्याळ आमचं चालू?

कोल्हापूर_फाउंड्री: माझं एकही सर्टिफिकेट मागे राहिलेलं नाही. न बघता आरोप करू नका.

खरेदी_खातं: तुमचं नाव घेतलं नाही. माझ्या स्टोअरमध्ये रोज काय येतं ते सांगितलं.

नाशिक_सीए: भांडू नका. माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पोचण्याची तारीख हीच स्वीकृतीची तारीख. हरकत आली, तर ती दूर झाल्याचा दिवस. जीआरएन कायद्यात कुठेच नाही.

कोल्हापूर_फाउंड्री: आणि हरकत कधी लेखी येते? फोनवर सांगतात, ‘जरा बघून घेतो’. दोन महिन्यांनी थेट डेबिट नोट. कायदा माझ्या बाजूने आहे हो, पण कोर्टात गेलो की ग्राहक गेला. ते कुठल्या कलमात बसतं?

नाशिक_सीए: ते कुठल्याच कलमात बसत नाही, मान्य आहे.

चाकण_असेंब्ली: एवढं कायद्याचं माहीत नव्हतं. सप्लायर उद्यमवर आहे, म्हणजे 60 चा विषय संपला. पण माझे 90 दिवस तसेच राहतात. वरून पैसे येत नाहीत आणि खाली 30 ने द्यायचे, हे कसं जमवू?

नाशिक_सीए: तुम्हीही उद्यमवर असाल तर तुमचे 90 सुद्धा 45 च्या पलीकडचेच आहेत. ग्राहकाची उलाढाल 250 कोटींच्या वर असेल, तर 2024 च्या अधिसूचनेप्रमाणे त्या कंपनीने ट्रेड्स या बिल डिस्काउंटिंगच्या प्लॅटफॉर्मवर नोंदणी केलेली असायला हवी. तुम्ही बिल तिथे टाकायचं, ग्राहकाने ते स्वीकारलं की बँक डिस्काउंट करून पैसे देते, आणि पुढे ग्राहकाने बुडवले तरी बँक तुमच्या मागे येत नाही.

कोल्हापूर_फाउंड्री: ‘स्वीकारलं की’. नोंदणी करतात, बिल स्वीकारत नाहीत. माझं तिथलं खातं नुसतं पडून आहे.

भोसरी_सीएनसी: तरी विचारून बघा, सगळेच तसे नसतात. आणि मेल असा लिहा. मला हा आला तर मी मुदत देईन:

“गेल्या तिमाहीपासून आमच्या मुख्य ग्राहकाचे पेमेंट 90 दिवसांवर गेले आहे. त्यामुळे ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांच्या बिलांना 30 ऐवजी 45 दिवसांची मुदत मिळावी, ही विनंती. दिवस आमच्या गेटवर माल पोचल्याच्या तारखेपासून मोजू. सप्टेंबरअखेरची सर्व बिले जुन्याच अटीने, 30 दिवसांत देऊ. वाढीव 15 दिवसांसाठी बिलात शेकडा 60 पैसे वेगळ्या ओळीत लावावेत. मुदत 30 वर आली की ती ओळ बंद होईल. तीन महिन्यांची पक्की पीओ सोबत जोडली आहे. आमच्याकडून ती रद्द झाल्यास त्यासाठी आणलेला बार व तयार पार्ट आम्ही उचलू. आपल्याला हे जमत नसल्यास कळवावे, सध्याची अटच चालू राहील.”

शेवटचं वाक्य ठेवाच. नाही म्हणायची सोय असली की माणूस हो म्हणतो.

खरेदी_खातं: दरवाढ पीओच्या दरात न घालता वेगळ्या ओळीत, हे बरं सुचवलंत. दर एकदा चढला की उतरत नाही, हा माझा अनुभव आहे. पण ‘सध्याची अटच चालू राहील’ हे मी कधीच लिहिणार नाही. पैसे नसतील तर ते खोटं ठरेल. आणि तीन महिन्यांची पक्की पीओ? त्याला स्वतःलाच पुढचं शेड्यूल माहीत नसेल.

चाकण_असेंब्ली: खरं आहे, मला एक महिना पक्का मिळतो, पुढचे दोन नुसता अंदाज. मग असं लिहितो: पहिल्या महिन्याची पीओ पक्की, पुढच्या दोन महिन्यांचं संभाव्य शेड्यूल, आणि त्या शेड्यूलवर त्याने आणलेल्या बारची जबाबदारी माझी. ‘मोठ्या प्रमाणात वाढणार’ काढून टाकलं. शेकडा 60 पैसे म्हणजे महिन्याला 3 हजार, तेवढं झेपेल.

भोसरी_सीएनसी: बारची जबाबदारी लेखी घेताय, ते मला पीओपेक्षा जास्त वाटतं. फक्त किती किलोपर्यंत ते लिहा, नाहीतर उद्या त्यावरून वाद.

नाशिक_सीए: आणि 14 फेब्रुवारीपर्यंत पोचलेल्या मालाचे पैसे 31 मार्चच्या आत, हे तुमच्या अकाउंटंटला आत्ताच सांगून ठेवा.

खरेदी_खातं: मेलच्या आधी फोन करा, हे माझं म्हणणं अजून कायम आहे. जुन्या माणसाला असं कागदावरून कळणं बरं नाही.

कोल्हापूर_फाउंड्री: फोनवर ठरलेलं माझ्याकडे कुणीच पाळलेलं नाही. मेल आधी, मग फोन.