पायरेटेड पुस्तक कसं ओळखायचं?

> "एका ऑनलाइन दुकानात ४९९ चं पुस्तक १५० ला दिसतंय, ओरिजिनल असेल का? मागवू का?"

नवीन आणि जोरात खपणारं पुस्तक असेल तर मला तरी डाऊट आहे, कारण दुकानदाराला प्रकाशकाकडूनच त्या भावात मिळत नाही मग तो विकणार कसा. जुना स्टॉक किंवा सेकंडहँड असेल तर गोष्ट वेगळी, पण तसं त्याने लिहिलेलं हवं.

मी असंच एक मागवून फसलोय. कव्हर बरं होतं, आतली अक्षरं मात्र कडेला फुटलेली, झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखी, काही पानं तिरकी आणि आतले फोटो म्हणजे नुसते काळे डाग! स्कॅन करून छापलं की असंच होतं. नुसत्या कागदावर जाऊ नका हां, ओरिजिनल पेपरबॅकचा कागदही कधीकधी पिवळट खरखरीत असतो. ISBN वर, म्हणजे पुस्तकाच्या ओळख नंबरवरही भरवसा नको, तो छापलेलं पानसुद्धा जसंच्या तसं कॉपी होतं. पण मागच्या बारकोडचा नंबर आणि आतला ISBN जुळत नसेल तर संशय घ्या.

आधी दुकानदाराला मेसेज करून त्याच्याकडच्या प्रतीच्या कॉपीराइट पानाचा आणि मधल्या एका पानाचा जवळून काढलेला फोटो मागा, टाळाटाळ केली की सोडून द्या. रिव्ह्यूमधे पण स्टार बघू नका, लोकांनी टाकलेले आतल्या पानांचे फोटो बघा. आणि मागवलंच तर पार्सल फोडताना व्हिडिओ काढा, रिटर्नच्या भांडणात तोच कामाला येतो.