लेणे खोदतात, कोरतात की राखतात?

मेघश्याम: अजिंठ्यावरच्या एका लेखात एकाच परिच्छेदात लेणे 'बांधले', 'खोदले' आणि 'कोरले' असं आलंय. 'बांधले' चूक, हे उघड आहे. बाकी दोघांत फरक आहे का?

रानवाट: लेणं म्हणजे दागिनाच ना? मग 'घडवले' म्हणा.

पाथरवट: तो शब्द वेगळा. डोंगरातलं लेणं 'लयन'वरून आलेलं मानतात. कार्ल्याच्या शिलालेखात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने 'सेलघर', म्हणजे दगडातलं घर, 'परिनिठापितं', म्हणजे पूर्णत्वास नेलं, असं आहे. तिथे खोदणं-कोरणं काहीच नाही.

चंद्रमौळी: सोपं आहे. आधी कळस, मग पाया! डोंगरमाथ्यावरून खाली खणत येतात ते खोदणे आणि नंतरची नक्षी म्हणजे कोरणे.

पाथरवट: वरून खाली हे बरोबर, पण माथ्यावरून हे वेरूळच्या कैलासापुरतं. तिथे तीन बाजूंनी चर खणून मधला खडक सुटा केला. अजिंठ्यात कड्याच्या दर्शनी भागातून, छताच्या उंचीवर आत शिरले. २४ क्रमांकाचं लेणं अर्धवट राहिलंय, त्यात हे अजून दिसतं. लांब गल्ल्या आत न्यायच्या, मग त्यांच्यामधल्या भिंती फोडायच्या आणि खांबांपुरता दगड तेवढा सोडायचा. म्हणजे जमीन तयार व्हायच्या कितीतरी आधी खांबांच्या जागा ठरलेल्या. दगड एकदा गेला की परत बसवता येत नाही. माझ्या मते या कामाचं खरं क्रियापद 'राखणे' आहे.

मेघश्याम: आणि छतच खराब निघालं तर?

पाथरवट: ४ क्रमांकाच्या लेण्यात तेच झालं. खडकातल्या दोषामुळे छत कोसळलं, तेव्हा आणखी वर खोदून छताची उंची वाढवावी लागली.

चंद्रमौळी: मान्य. पण मग कैलासाचा सगळा आराखडा पहिल्या दिवशीच तयार होता, असंच म्हणावं लागेल.

पाथरवट: 'सगळा' म्हणायला मी धजणार नाही. गोपुर, नंदीमंडप आणि मुख्य देऊळ यांना जोडणारे पूल अखंड खडकाचे आहेत. तो पट्टा राखायचं ठरलं नसतं, तर खोदाई खाली उतरताना तो गेलाच असता. म्हणून पूल आधीच ठरलेले. उलट लंकेश्वर हे लेणं अंगणाच्या उभ्या भिंतीत आत कोरलंय. भिंत मोकळी झाल्यावर ते कधीही करता आलं असतं. म्हणून कोरण्याच्या क्रमावरून राखलेल्या भागाचं नियोजन सांगता येतं, भिंतीत आत शिरलेल्याचं तेवढ्या खात्रीने नाही.

रानवाट: मग खालच्या हत्तींचं काय? जोत्याचा दगड राखला होताच. पण त्यातून हत्तीच काढायचे, हे वर शिखर चालू असतानाच ठरलं होतं का?

पाथरवट: जाडी ठरलेली असणार, कारण हत्ती जोत्यातून पुढे आलेले आहेत. त्या जाडीतून नेमकं काय काढायचं, हे नंतरही ठरू शकतं.

चंद्रमौळी: मला तरी नाही पटत. एवढी जाडी कोणी उगाच सोडणार नाही.