खेळणाऱ्याला शिक्षा नाही, मग राज्य कशाला बघायचं?

रावपुरेकर: भाचा नुकताच नोकरीला लागलाय आणि क्रिकेटच्या बेटिंग ॲपवर खातं उघडायला निघालाय. म्हणतो, ‘मामा, कायदा ॲपवाल्यांसाठी आहे, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. गुजरातेत चालतं की नाही हे बघत कशाला बसायचं?’ मला पटत नाही, पण त्याला गप्प करेल असं उत्तरही सुचत नाही. तुमचं मत?

मांडवीचा मध्या: भाचा बरोबर बोलतोय. सुप्रीम कोर्टानं १९६८ मध्येच रमी हा कौशल्याचा खेळ ठरवला, जुगार नाही. फँटसी क्रिकेटमध्ये खऱ्या खेळाडूंची आपली टीम लावायलाही डोकं लागतंच की! मी तीन वर्षं फँटसी खेळलो, गुजरातेत कोणी अडवलं नाही.

निवृत्त बँकवाला: मध्या, तू खेळलास तेव्हाचं बरोबर आहे. तेव्हा ॲपच राज्य विचारायचं. तेलंगणा, आंध्र, आसाम, ओडिशा म्हटलं की पैशांची स्पर्धा बंद, गुजरात म्हटलं की चालू. तेव्हाही सगळे खेळ एका पारड्यात नव्हते. २०१७ मध्ये गुजरात हायकोर्टानं पोकरला जुगार ठरवलं होतं. पण ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं नवा कायदा केला आणि त्यात कौशल्य की नशीब हा वादच काढून टाकला. पैसे भरून पैसे जिंकायचे असतील तर तो ऑनलाइन खेळ देशभर बंद. मोठ्या कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा लगोलग थांबवल्या. त्यामुळे आता ‘टीम लावायला डोकं लागतं का’ यापेक्षा ‘खिशातून पैसे जातात का’ हे आधी बघायचं.

खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे खरं आहे. पण माझ्या ओळखीतल्या एका मुलाचं ऐका. त्याच्या ॲपच्या तळाशी कॅरिबियनमधल्या क्युरासाओ बेटाचं लायसन लिहिलेलं होतं. पैसे भरताना यूपीआयवर दर वेळी वेगळंच नाव यायचं, एकदा कुठल्या किराणावाल्याचं, एकदा मोबाइलच्या दुकानाचं. एकदा तो सहा हजार जिंकला, तेही अशाच कुणाच्या तरी खात्यातून आले. त्या खात्यावर दुसऱ्या राज्यात सायबर फसवणुकीची तक्रार होती. पैशाचा माग काढत पोलिसांचं पत्र याच्या बँकेत आलं आणि याचं खातं गोठवलं. त्यात पगार अडकला, घराचा हप्ता चुकला. गुन्हा याच्यावर नव्हताच, तरी खातं सुटेपर्यंत पोलीस ठाणं आणि बँक यांच्यामध्ये चपला झिजवल्या.

ॲपकडे दाद मागायला गेला तर अटींमध्ये लिहिलेलं, ‘आपल्या देशात हे कायदेशीर आहे याची खात्री खेळाडूनं करून घ्यावी.’ कोर्टात जावं तर १८७२ च्या करार कायद्यात पैजेचा करारच रद्दबातल, जिंकलेल्या रकमेचा दावाही लावता येत नाही.

दांडियाबाजारच्या काकू: आमचा प्रसाद टोरंटोला राजरोस खेळतो, पगारातले थोडे लावतो. मग कॅनडाचं ॲप घ्या ना, ते तरी विश्वासाचं!

निवृत्त बँकवाला: काकू, तो ऑन्टारियोत आहे ना? तिथं एप्रिल २०२२ पासून परवान्याचा बाजार आहे. वय एकोणीस पूर्ण लागतं आणि कोण अधिकृत ते सरकारी यादीत बघता येतं. पण प्रसाद दिवाळीला आला होता तेव्हा त्याचं ॲप इथं चाललं का, विचारा त्याला.

दांडियाबाजारच्या काकू: विचारलं. म्हणतो, लोकेशन बघून बंद झालं होतं. मला सांगितलंसुद्धा नाही मेल्यानं.

निवृत्त बँकवाला: तेच. तुम्ही बसलाय कुठे, ते महत्त्वाचं. परवाना क्युरासाओचा असो की कॅनडाचा, वडोदऱ्यात बसलेल्याला त्याचा उपयोग शून्य.

मांडवीचा मध्या: ठीक आहे, पण यात सरकारनं साधलं काय? पूर्वीच्या देशी ॲपला पॅन द्यावा लागायचा, जिंकलं की तीस टक्के टीडीएस कापला जायचा, तक्रार करायला कुणीतरी होतं. आता तीच पोरं तुमच्या त्या किराणावाल्याच्या यूपीआयवर गेली. बंदीनं खेळ थांबला नाही, फक्त पत्ता बदलला.

निवृत्त बँकवाला: यात तुझ्याशी निम्मा सहमत आहे. शिवाय जुगार हा विषय घटनेनं राज्यांना दिलेला, मग केंद्राला हा कायदा करता येतो का, हाही प्रश्न सुप्रीम कोर्टासमोर गेलाय. पण निकाल काय लागेल यावर तर भाच्याचं खातं उघडत नाही ना.

मांडवीचा मध्या: निकाल लागला की बोलू. मी माझ्या मतावर ठाम.

रावपुरेकर: भाच्याला म्हटलं, पैसे भरायच्या पानाचा स्क्रीनशॉट पाठव. पाठवला. वर ॲपचा वाघ, खाली नाव कुठल्याशा साडी सेंटरचं. ‘हे कोण रे?’ म्हणून विचारलंय, दोन निळ्या खुणा आल्यात, उत्तर अजून नाही.