मदत हवी आहे: अहवालातील ‘नागपूर’ म्हणजे नेमके कुठे?

नमस्कार. एका अमेरिकी कंपनीच्या 10-K या वार्षिक अहवालातील ‘Item 2. Properties’ या भागात मला एवढीच ओळ सापडली: नागपूर, उत्पादन, भाडेपट्टा, १,२०,००० चौरस फूट. या भागात फक्त मुख्य मालमत्ता देणे बंधनकारक असल्यामुळे छोटी कार्यालये त्यात नसणार, हे समजते. पण कारखाना हिंगण्यात आहे की बुटीबोरीत, हे कळत नाही. एमआयडीसीचे भूखंड सहसा ९५ वर्षांच्या पट्ट्याने मिळतात, त्यामुळे ‘भाडेपट्टा’ या शब्दावरून शेड भाड्याची आहे असेही म्हणता येत नाही. शिवाय हे क्षेत्रफळ (सुमारे ११,१५० चौरस मीटर) बांधकामाचे की भूखंडाचे? भारतीय उपकंपनीचे नाव हाताशी आहे. त्यावरून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात भूखंड क्रमांक कसा शोधावा, हे कृपया जाणकारांनी सांगावे.